श्रद्धांजलीत थोरलीचा फोटो

नवव्या दिवशी सकाळी बब्रुवान डेअरीवर दूध घालायला गेले आणि रिकामी किटली वाजवतच परत आले. अंगणात पाय ठेवायच्या आधीच त्यांनी आवाज दिला.

"दिग्या! ए दिग्या! बाहीर ये आधी!"

दिग्विजय तोंडातला ब्रश तसाच ठेवून बाहेर आला. बेंबळीत कुणाचा वाढदिवस असो, कुणाची निवड असो, स्टँडवरचा फ्लेक्स त्याच्याच हातचा असे. चुलती गेली तेव्हा हे काम त्यानं कुणी न सांगताच अंगावर घेतलं होतं.

"स्टँडवरचा बोर्ड तू लावलास?"

"व्हय. मोठाच केला, लांबून दिसावा म्हणून. कसा झालाय?"

"त्येच्यावर तुझी माय हाय."

"माय न्हाय तात्या, धाकली हाय ती."

"मला माझी बायकू वळखू येत न्हाय व्हय रं?" बब्रुवानांनी किटली खाली आदळली. "आन् तिचं कुंकू पुसलंस तू! म्या जिता, हातात किटली घेऊन बोर्डापुढं हुबा. डेअरीतला कांबळ्या म्हणतोय, तात्या, तुमी तर बरे दिसलालाव की!"

दिग्विजयच्या तोंडातला फेस हनुवटीवरून ओघळला. सुतकाच्या घरात हसू नये म्हणून स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या त्याच्या चुलत वहिनीनं, शिवांजलीनं, पदर तोंडाशी धरला.

तामलवाडीच्या घरी धुरपदाबाई आणि सिताबाई एकाच पहाटे जन्मल्या. कोण आधी आली ते सुईणीनं सांगितलं होतं, पण तिच्या सांगण्यावर खुद्द आईचाच भरवसा नव्हता. पुढं दोघींची लग्नं एकाच मांडवात, एकाच घरातल्या दोन भावांशी झाली. बब्रुवानांच्या वाट्याला आली ती थोरली झाली आणि त्यांच्या धाकट्या भावाच्या वाट्याची धाकली. धाकलीचा नवरा जाऊन आता बरीच वर्षं झाली होती. तेव्हापासून तर दोघींच्या बाजा शेजारी शेजारीच असत. त्यातल्याच एका बाजेवर, पहाटेच्या झोपेत, सिताबाई गेली. कसली कुरकुर नाही, हाक नाही. आपण शेजारी असूनही आपल्याला कळलं नाही, हे धुरपदाबाईनं पहिल्या दिवशी एकदाच सांगितलं. त्यानंतर ती फारसं बोललीच नाही.

आवाज ऐकून मागच्या गोठ्यातून रणधीर आला. सिताबाईचा एकुलता एक मुलगा, दिग्विजयहून चार-पाच वर्षांनी थोरला. नऊ दिवसांची दाढी वाढलेली.

"म्या रातीच बघितला," तो हळूच म्हणाला. "फोटोत दात दिसलालेत. माय तोंड मिटून हसायची. दात काढून हसती ती थोरली."

"मग रातीच का न्हाय सांगितलंस?" बब्रुवान म्हणाले.

रणधीर गोठ्याकडं बघायला लागला.

दिग्विजयनं तोंड धुतलं आणि आपली बाजू मांडली. "आता तुमीच सांगा. ह्या घरात धाकलीचा एकटीचा एक तरी फोटो हाय का? आधारचा हाय, त्यो लावला असता तर लोकं भिऊन पळाली असती. निकितानं मोबाइलवर काढलेल्या सेल्फीत दोघी चांगल्या हसलाल्यात. धाकली कायम डाव्या अंगाला ऱ्हायची, सगळ्या गावाला म्हाईत हाय. म्हणून डावीकडची कापून घेतली."

निकिता म्हणजे रणधीर-शिवांजलीची लेक, धाराशिवला कॉलेजात शिकणारी. शिवांजलीनं दारातूनच डोक्याला हात लावला.

"अवो भाऊजी, फोटोत त्या आपल्या समोर हाईत की. त्येंच्या डावीकडचं आपल्याला उजवीकडं दिसतं."

मग बब्रुवान आपल्याच दोन्ही हातांकडं आळीपाळीनं बघायला लागले.

"थोरलीला ह्यातलं एक अक्षर कळू द्यायचं न्हाय," शेवटी त्यांनी हुकूम सोडला. "दिग्या, आत्ताच्या आत्ता काढ त्यो."

"शिडीवाली पोरं दुपारी येतेत. तवर कोण सांगाय लागलंय तिला? ती घराबाहीरच पडत न्हाय."

तिघा पुरुषांचं एकमत झालं. शिवांजली आत आली. तिला ते पटलं नव्हतं, पण नवरा, दीर आणि सासरे एकाच बाजूला असताना एकटीनं काय बोलायचं, म्हणून ती चुलीपुढं बसली.

आत धुरपदाबाई वेणी घालत होती. आरशाकडं पाठ करून. शिवांजलीनं हे आधीही पाहिलं होतं. पहिल्या दिवशी आरशापुढून जाताना थोरल्या आत्या, म्हणजे तिच्या थोरल्या सासूबाई, "सिते, पदर—" एवढं म्हणाल्या आणि जागच्या जागी थिजल्या. त्यानंतर त्या आरशाच्या भिंतीकडं बघतच नव्हत्या. जेवणाचंही तसंच. दोघी बहिणी जन्मभर एका ताटात जेवल्या होत्या. आताही थोरल्या आत्या भाकरी मधोमध मोडत, आपल्या बाजूचं कालवण-कोरड्यास संपवत आणि हात धूत. उरलेलं अर्धं ताट नीट राखलेलं, त्यात बोटसुद्धा शिरलेलं नसे. भेटायला येणाऱ्या बायका म्हणत, दुःखानं अन्न जात न्हाय बिचारीला. तसं नव्हतं. त्यांना भूक होती. त्या फक्त आपल्या हद्दीपाशी थांबत होत्या.

"आत्या, च्या घेताव?"

"आमी घेतला की," धुरपदाबाई म्हणाली. मग जरा थांबून, "घेतला का न्हाय गं?"

"न्हाय घेतला."

"मग दे."

ऊन तापायच्या आधी जिल्ह्यातल्याच वाशीची मंडळी आली. जीपभर बायका. सोयऱ्यांतली एक जाडजूड मावशी सगळ्यांच्या पुढं होती. तिनं उंबऱ्यात पाय ठेवला, धुरपदाबाईला पाहिलं आणि "अगं माझे सिते!" म्हणून जो हंबरडा फोडला, त्यानं गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली.

रोज हेच चाललं होतं. येणारी बाई दारात थबके, गेलेलीचा चेहरा समोर बसलेला पाही, आणि ठरवून आली असेल त्याच्या दुप्पट रडे. मग धुरपदाबाईच तिच्या पाठीवरून हात फिरवी, पाणी मागवी. सांत्वन करायला आलेल्यांचं सांत्वन करता करता तिचे दिवस जात होते. शिवाय रीतीप्रमाणं खरा शोक मुलाचा. पुरुष रणधीरपाशी बसत, बायका सुनेपाशी. धुरपदाबाई ह्या घरात जाऊ, म्हणजे नात्यात जरा लांबच. दुसऱ्याच दिवशी तिनं भटजींना विचारलं होतं, मला सुतक किती? ते म्हणाले, बहीण म्हणून तीन दिवस, जाऊ म्हणून दहा. "आन् जुळी म्हणून?" ह्यावर त्यांनी पंचांग चाळून मिटलं होतं.

वाशीची मावशी शांत झाली आणि नेहमीचं बोलायला लागली.

"आता तूच त्या रणधीरची माय. तिची जागा तूच भरायची बघ, धुरपदे. लेकराला काय, त्येच तोंड, त्येच हात. तू हाईस म्हणजे ती हायच की."

धुरपदाबाई ऐकत राहिली. असं म्हणणारी ही कितवी, ते तिनं मोजलं नव्हतं. पण प्रत्येक वेळी तिला आतून काहीतरी सरकल्यासारखं होई. सिताची जागा मी भरायची, मग माझ्या जागी कोण? ह्या नऊ दिवसांत रणधीर एकदाही तिच्यापुढं नीट उभा राहिला नव्हता. ती स्वयंपाकघरात आली की तो गोठ्यात जाई, ती ओट्यावर आली की शेतात. ज्याची माय व्हायला सगळे सांगत होते, तो तिच्या तोंडाकडं बघत नव्हता.

"पर बाई," मावशी कप खाली ठेवत म्हणाली, "स्टँडवर उतरलाव आन् काळजात धस्स झालं. म्हणलं गेली कोण? बोर्डावर तर तूच!"

शिवांजलीच्या हातातला ट्रे वाजला. धुरपदाबाईनं तिच्याकडं पाहिलं, मग दाराआड सरकू पाहणाऱ्या दिग्विजयकडं.

"कसला बोर्ड रं?"

नेमका तेव्हाच तामलवाडीहून गोरोबा आला. दोघींचा धाकटा भाऊ, खांद्यावर दुखवट्याच्या कापडांची पिशवी, बोलायला मोकळा. पिशवी खाली ठेवायच्या आधीच तो म्हणाला, "दाजी, बोर्ड झकास केलाय, पर अक्काचा का लावला?"

बब्रुवानांनी डोळे मिटून घेतले.

"गोरोबा," धुरपदाबाई उठत म्हणाली, "जीप आणलीस न्हवं? चल. मला बघायचाय."

"अगं, सुतकातली बाई स्टँडवर जाती व्हय? लोक काय म्हणतील?" बब्रुवान मधे आले.

"लोक बोर्ड बघूलालेत. मला बघू द्या की."

"माय, उगं ताप करून घेऊ नगंस, आत्ता काढलालो की म्या," दिग्विजय गयावया करत म्हणाला. रणधीर कुठं दिसत नव्हता. आणि मग शिवांजलीनं हातातला ट्रे चुलीपाशी ठेवला, पदर खोचला आणि सासऱ्यांसमोरून सरळ चालत जाऊन जीपमध्ये बसली.

"मामा, म्या जाते संगं. आत्या एकट्या न्हाईत."

सकाळपासूनचं पुरुषांचं एकमत तिथंच मोडलं. बब्रुवान बघतच राहिले आणि थोड्या वेळानं त्यांनीही पायात वहाणा घातल्या. निदान बायकोच्या शेजारी जिवंत तरी दिसावं, असा त्यांचा विचार होता.

स्टँडवर सोयाबीनची पोती भरलेला ट्रॅक्टर उभा होता, त्याच्या मागं फ्लेक्स. भावपूर्ण श्रद्धांजली. फुलांचा हार, दोन समया, वर ढग. मधे मोठी, दात काढून हसणारी धुरपदाबाई. कपाळ कोरं. खांद्यावर एक हात, मनगटापासून पुढचाच. बाकीचा हात आणि हात ठेवणारी, दोन्ही कात्रीत गेलेली.

धुरपदाबाई बराच वेळ वर बघत राहिली. मग हसली. आधी खुदकन, मग पोट धरून, डोळ्यांत पाणी येईतो. ट्रॅक्टरवाला खाली वाकून बघायला लागला. हसता हसता ती कधी रडायला लागली ते कुणालाच कळलं नाही. नऊ दिवसांत ती पहिल्यांदाच रडत होती.

गोरोबा घाबरला. "अक्का, अगं अक्का. चुकून झालं गं. पोरानं मुद्दाम केलंय का?"

"चुकलं कुठं?" ती म्हणाली. "बरोबरच हाय की. दोघी मिळून एक हुताव. त्यातली एक गेली. कोणती गेली ह्येला म्हाईत न्हाय, तुला तरी म्हाईत हाय का? मला बी न्हाय. सकाळी उठून म्या काय करायचं तेच कळत न्हाय. ती भांडायची, म्या समजूत घालायची. आता समजूत कुणाची घालू? लोकांनी 'कशा हाव' इचारलं की ती सांगायची, म्या मान हलवायची. आता नुसती मान हलवलाले."

"तू हाईस म्हणजे ती हाय—"

"गप बस, गोरोबा," ती शांतपणे म्हणाली. गोरोबा खरंच गप्प बसला. मग त्यानं जीपमधली पाण्याची बाटली काढून तिच्या हातात दिली आणि नुसता शेजारी उभा राहिला.

रणधीर मोटरसायकल घेऊन आला तेव्हा त्याच्या हातात विळा होता. फ्लेक्सच्या दोऱ्या कापायला म्हणून तो घरून निघाला होता. समोर थोरली दिसली आणि सवयीनं त्याची नजर खाली गेली. गाडी वळवून जावं असंही मनात आलं. पण शिवांजली रस्त्यात आडवी उभी होती, आणि तिच्या डोळ्यांकडं पाहून त्यानं गाडी बंद केली.

"इकडं ये रं," धुरपदाबाई म्हणाली. "माझ्यावर रागावलास का?"

"न्हाय."

"मग तोंड का चुकवतूस?"

रणधीरनं विळ्याची मूठ हातात फिरवली. गेले काही दिवस तो हे मनात घोळवत होता, आणि नीट जुळवून बोलणं त्याला कधी जमलं नव्हतं.

"तू दारात आलीस की माय आली असं वाटतंय," तो म्हणाला. "येकदम. लई बरं वाटतंय. आन् मग तू बोलतीस, आन् ती न्हाईस हे कळतंय. म्हणजे दर खेपेला माय परत मरती. दिसातून धा-धा डाव. म्हणून गोठ्यात जातो."

धुरपदाबाईला हे ठाऊक होतं. आरशापुढून जाताना तिचं तेच होत होतं.

"समदे म्हणतेत, आता थोरलीच तुझी माय," रणधीर बोलत राहिला. "मला न्हाय पटत. तू माझी माय न्हाईस."

"रणधीर!" मागून बब्रुवान ओरडले.

"बोलू द्या त्येला," धुरपदाबाई म्हणाली.

"माय एकच हुती. ती गेली. तिची जागा मोकळीच ऱ्हाऊ दे, तू भरू नगंस. तू थोरली. तू मला पवायला शिकीवलंस. माय तर काठावर हुबी ऱ्हाऊन शिव्या द्यायची. तू मला पळून जाऊन सिनेमा बघायला पैसे दिलेस, मायनं त्या पायी मला बडीवलं. म्हणजे तुमी दोघी येक न्हवताव. लोकांला वाटायचं. घरातल्यांला ठाव हाय की." त्यानं पहिल्यांदा वर, तिच्या चेहऱ्याकडं पाहिलं. त्याचे डोळे भरून आले, पण त्यानं ते वळवले नाहीत. "मला तर ती मोठी बाई झाल्यावर मिळाली. तुझ्यासंगं ती जन्माच्या आधीपासून हुती. आमी लोकांच्या गळ्यात पडून रडलालाव, आन् तुला कुणी इचारलंच न्हाय. म्या बी न्हाय इचारलं."

"काय इचारतूस मग?" धुरपदाबाईनं विचारलं.

"तुला कसं वाटलालंय?" रणधीर म्हणाला. साधाच प्रश्न, शाळेतल्या पोरानं विचारावा तसा.

"डाव्या अंगाला गार लागतंय," धुरपदाबाई म्हणाली. "सारखं. पांघरून घेतलं तरी. आन् तुझ्या तोंडाकडं बघितलं की वाटतंय, ह्येच्यात ती हाय, माझ्यात न्हाय. मला तुझा हेवा वाटलालाय रं."

रणधीर तिच्या डाव्या बाजूला जाऊन उभा राहिला. फार जवळ नाही. मागं ट्रॅक्टरवाल्यानं हॉर्न दिला, त्याला वळवायला जागा हवी होती, तेव्हा सगळ्यांना सरकावंच लागलं.

"मग काढू का बोर्ड?" दिग्विजय कधीचा येऊन लांब उभा होता.

"काढ," धुरपदाबाई म्हणाली. "ह्यांचा जीव टांगणीला लागलाय." तिनं बब्रुवानांकडं मान वळवली. "आन् नवीन करताना आधारचाच लाव. भिऊन पळू दे लोक. पर तिचाच लाव."

घरी आल्यावर बब्रुवानांनी ठरवून टाकलं की उद्याच्या दहाव्याला थोरलीनं रणधीरच्या शेजारी बसायचं. बायका तिथं बसत नाहीत, असं गोरोबा म्हणायला गेला. "बसत न्हाईत, आता बसतील," बब्रुवान म्हणाले. सकाळपासून त्यांना कुणावर तरी हुकूम चालवायचाच होता. शिवांजलीनं मनात म्हटलं, हे तर आम्ही घरातल्या बायका दोन वर्षं बोलूनही झालं नसतं. एका फ्लेक्सनं केलं.

संध्याकाळी उन्हं उतरल्यावर किराणावाल्या शिवप्पाची बायको पार्वतम्मा आली. तिचं माहेर पलीकडं कर्नाटकात, मराठी तिची जरा तिरपी. नवरा दुकानात अडकल्यामुळं तिला इतके दिवस येता आलं नव्हतं. रीतीप्रमाणं ती रणधीरकडं वळली, हात जोडले.

"आधी तिकडं," रणधीर ओट्याकडं बोट दाखवून म्हणाला. "थोरलीकडं. तिची बहीण गेली."

पार्वतम्मा ओट्यावर टेकली. धुरपदाबाईच्या चेहऱ्याकडं तिनं नीट पाहिलं, आणि रडायच्या ऐवजी गोंधळून म्हणाली, "अक्का, खरं सांगू? दुकानात साखर न्यायला येत होती, ती कोण? तुम्ही का त्या? भाव करत होती, शिवप्पाला लई बोलायची. मला कधी कळालंच नाही."

गोरोबानं विडीची काडी तशीच हातात धरली. असला प्रश्न ह्या नऊ दिवसांत कुणी विचारला नव्हता.

"भाव करायची ती सिता," धुरपदाबाई म्हणाली. तिनं जरा आठवलं, आणि तिच्या तोंडावर हळूहळू हसू आलं, दात दिसणारं. "साखर मापात कमी भरली म्हणून तुमच्या शिवप्पाचा तराजू उचलून रस्त्यावर आणला हुता, ती बी सिताच. म्या मागनं जाऊन दोन रुपयांच्या गोळ्या इकत घेतल्या, त्येला बरं वाटावं म्हणून. लई भांडखोर. खारट खायची. कुणी मेलं की आधी पोचायची आन् सगळ्यात आधी घरी यायची. गाय हुंदडली तर गायीसंगं पळायची. देवाला सुदिक ऐकवायची."

"आणि तुम्ही?" पार्वतम्मानं विचारलं.

धुरपदाबाई उत्तर शोधत बसली. अंगणात म्हैस रवंथ करत होती, आत शिवांजली भाकरी थापत होती, आणि ओट्याच्या पायरीवर रणधीर मान वर करून तिच्याकडंच बघत होता.

"म्या?" ती म्हणाली. "ती तशी. म्या तशी न्हाय. म्या पाण्यात पवायची. ती कधी पाण्यात उतरलीच न्हाय, लई भ्यायची. बसा की, सांगते."